शब्दांवर पहारा, वाक्याला मोकळं रान

सत्तावीस फेब्रुवारी जवळ आला की कोल्हापुरातल्या शाळा-कॉलेजांच्या फलकांवर दोन रकान्यांच्या याद्या लागतात. डावीकडे परके शब्द, उजवीकडे त्यांचे मराठी पर्याय. 'रिक्वेस्ट'ला विनंती, 'अॅड्रेस'ला पत्ता; कुणी फारच कडवा असेल तर 'तारीख'सुद्धा काढून तिथे 'दिनांक' बसवतो. परंपरा जुनीच आहे. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे राजाराम कॉलेजात शिकवणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांनी आधी फारसी-मराठी कोश रचला आणि मग भाषाशुद्धीचा कैवार घेतला. माणूस एकच, आणि दोन्ही कामांमागची विद्वत्ता खरी. पण राज्यव्यवहारकोश असो की आजचा शाळेतला फलक, मोजदाद होते ती शब्दांची. वाक्य कसं बांधलंय याकडे कुणी बघत नाही.

माझं म्हणणं असं की ज्या गावांत दोन भाषा एकाच अंगणात नांदतात तिथे शब्दांची यादी करून भाषेचं काय झालं ते कळतच नाही. अशा ठिकाणी खरी देवघेव व्याकरणात होते, तीही एकही परका आवाज न करता. कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे इतरांआधी समजायला हवं होतं. झालं उलटंच. 'आमच्या बोलीत कन्नड शिरलंय' हे वाक्य आपण एक तर लाज वाटून बोलतो, नाही तर सीमाप्रश्नावरच्या भांडणात पुरावा म्हणून फेकतो. दोन्ही वेळा तपासत मात्र नाही.

आधी अभ्यासकांनी काय मांडून ठेवलंय ते थोडक्यात. एका भाषेतून दुसरीत काय सहज जातं आणि काय जाता जात नाही, याच्या उतरंडी गेली दीडशे वर्षं लावल्या जाताहेत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ व्हिटनी याने १८८१ मध्ये सांगितलं की नामं सर्वांत सहज जातात आणि प्रत्यय सर्वांत कष्टाने. नंतरच्या लोकांनी मधल्या पायऱ्या भरल्या: नामाखाली विशेषण, मग क्रियापद, मग शब्दयोगी अव्यय, सर्वनाम, आणि तळाला विभक्तीचे आणि काळाचे प्रत्यय. हास्पेलमाथ आणि टाडमोर यांनी २००९ मध्ये जगभरच्या ४१ भाषांतली उसनवारी एकाच साच्यात तपासली, तेव्हाही नामांपैकी साधारण ३१ टक्के आणि क्रियापदांपैकी साधारण १४ टक्के उसनी निघाली. म्हणजे उतरंड खोटी नाही.

आपल्या इंग्रजीचंच बघा. 'फोन', 'बिल', 'रिचार्ज' ही नामं थेट आली, त्यांना आपण 'फोनवर', 'बिलाचं' असे प्रत्ययही लावले. क्रियापद आणताना मात्र ते 'कर' किंवा 'मार'च्या आधाराने आणावं लागतं. 'डिलीट कर' म्हणतो, 'डिलीटलं' असं गमतीनेच म्हणतो. मराठी क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष, काळ असं सगळं चिकटतं आणि परक्या शब्दाच्या अंगावर एवढं ओझं लगेच बसत नाही. नाम का सहज जातं आणि क्रियापद का अडखळतं, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

पण या उतरंडीत एक मोठं भोक आहे. ती फक्त आवाजासकट आलेला माल मोजते. जे आवाज न आणता येतं, म्हणजे वाक्य रचायची पद्धत, शब्दाच्या अर्थाचा पसारा, लिंगाचा नियम, त्याला तिथे रकानाच नाही. माट्रास आणि साकेल या दोघांनी २००७ मध्ये हा फरक नीट मांडला. माल उचलणं ही एक गोष्ट आणि घाट उचलणं ही दुसरी. घाट उचलला की सगळे शब्द आपलेच राहतात, फक्त ते लावायची रीत शेजारच्याची होते. शुद्धीवाल्याच्या चाळणीत त्यातलं काहीच अडकत नाही.

जगातल्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कुठलं? आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचं कुपवाड. आज ते सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे आणि बहुतेकांना एमआयडीसीमुळे ठाऊक आहे. १९६० च्या दशकात ते जेमतेम तीन हजार वस्तीचं खेडं होतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास करून १९७१ मध्ये लेख छापला, आणि तेव्हापासून 'कुपवार' हे नाव भाषासंपर्काच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. कोल्हापुरातल्या किती मराठीच्या प्राध्यापकांनी ते वर्गात घेतलं असेल, हा प्रश्न मी नुसता विचारून ठेवते.

कुपवाडात जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन घरं मराठी; दोरखंड वळणारी काही घरं तेलुगू. एकमेकांशी बोलायची भाषा बहुतांशी मराठी, कारण ती गावातल्या कुठल्याच वरचढ गटाची घरची भाषा नव्हती. हे सगळं काही शतकं चाललेलं. घरात एक, शेतात दुसरी, बाजारात तिसरी, असं दिवसातून कितीदा तरी बदलत राहायचं. आणि कुणी आपली घरची भाषा सोडली नाही, हे महत्त्वाचं.

त्याचं फळ काय झालं, ते त्यांच्या लेखातल्या एका वाक्यात दिसतं. कुपवाडचा मराठी बोलणारा म्हणायचा, 'पाला जरा कापून घेऊन आलो.' उर्दू बोलणारा म्हणायचा, 'पाला जरा काट के ले के आया.' कन्नड वाक्यही हाच क्रम धरून चालायचं: पाला, जरा, कापून, घेऊन, आलो. एकाखाली एक वाक्यं लिहिली तर प्रत्येक तुकड्याखाली बरोबर त्याचा जोडीदार येतो. कापण्याचा धातू तिघांचा वेगळा. 'ऊन' आणि 'के' हे प्रत्यय ज्याचे त्याचे. म्हणजे ज्याला उतरंड सर्वांत चिवट म्हणते ते प्रत्यय खरंच जागेवर राहिले. पण ते प्रत्यय कुठे लावायचे, किती लावायचे, कुठल्या कामाला लावायचे, ते सगळं एक झालं. एखादा माणूस या तीन भाषांत बोलत असेल तर त्याला वाक्य एकदाच रचावं लागतं, नंतर फक्त शब्द बदलायचे.

लिंगाचं उदाहरण याहून बोलकं आहे. पुस्तकी मराठीत नदी स्त्रीलिंगी, म्हणून पूर आला की 'नदी आली'. उर्दूतही 'नदी आई'. कन्नडाचा नियम निराळा: पुरुष तेवढा पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, बाकी नदी, दगड, म्हैस सगळं नपुंसक. कुपवाडच्या मराठीत 'तिथं नदी आलं' असं ऐकू आलं, आणि उर्दूत 'नदी आया'. बघा काय झालं ते. कन्नडाचा एकही आवाज आला नाही. नदीला नदीच म्हणतात, क्रियापद घरचंच. मराठीकडे नपुंसकलिंग होतं, म्हणून तिने ते वापरलं. उर्दूकडे नव्हतं, म्हणून तिने पुल्लिंगावर भागवलं. नियम कन्नडाचा, सामान ज्याचं त्याचं. लिंगव्यवस्था म्हणजे भाषेच्या गाभ्यातली गोष्ट, उतरंडीनुसार ती शेवटी हलायला हवी. इथे ती हलली, आणि गावातल्या कुणालाही आपण काही उसनं घेतलं असं वाटलं नसणार.

देवघेव एकाच दिशेने झाली असं समजू नका. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक आहे. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, ते 'आपण'मुळे कळतं. हा भेद मराठीला द्राविडी भाषांच्या सहवासातून मिळाला असं पुष्कळ जण मानतात. गंमत अशी की आजच्या कन्नडाने स्वतः तो भेद गमावलाय. कुपवाडच्या उर्दूत मात्र तो आला. मधल्या काळात कुणाकडून कुणाकडे काय गेलं याचा हिशेब राष्ट्राभिमानाच्या वहीत बसत नाही, तो असा.

आता उलट बाजू. आवाजासकट येणाऱ्या व्याकरणाच्या वस्तूही असतात, आणि त्या उतरंडीच्या चौकटीत नीट बसत नाहीत. दख्खनी उर्दूतला 'नको' घ्या, हैदराबादपर्यंत पोचलेला. किंवा 'ऐसाच', 'वोइच' मधला 'च'. नाम नाही, विशेषण नाही. नकार आणि जोर, म्हणजे व्याकरणाचा भाग, तरी मराठीतून थेट गेले. माट्रासचं याला उत्तर आहे आणि ते मला पटतं. बोलताना समोरच्याचं लक्ष वळवणारे, त्याची अपेक्षा मोडणारे जे बारके शब्द असतात ते बोलणाऱ्याच्या ताब्यात सर्वांत कमी असतात. दोन भाषा बोलणाऱ्याला त्या क्षणी कुठली भाषा चालू आहे याचं भान ठेवायला वेळ नसतो. म्हणून त्याच्या मांडणीत 'पण'च्या जातीचे शब्द 'किंवा'च्या आधी आणि 'आणि'च्याही आधी परके होतात. विरोध जितका जास्त तितकं निसटणं सोपं. नको म्हणताना माणूस भाषा निवडत बसत नाही.

हे झालं कुपवाडचं. आता आपल्या घरचं एक उदाहरण, कारण कुपवाडची वाक्यं साठ वर्षांपूर्वीची आहेत आणि हे आज संध्याकाळी ऐकू येईल.

गडहिंग्लजच्या मिरची बाजारात जरा वेळ उभं राहिलं की दोन्ही भाषा एकाच तोंडातून ऐकू येतात. व्यापारी गिऱ्हाइकाला म्हणतो, 'थांबा, तो माल उतरायलाय.' तेच संकेश्वरहून आलेल्या गाडीवाल्याला सांगायचं तर 'माल इळसाकत्तान.' दोन्हींचा अर्थ एकच: या घटकेला उतरवतोय. पुण्याचा माणूस इथे 'उतरवतोय' म्हणेल. 'उतरायलाय' हे मला 'उतरायला लागलाय'चं घासलेलं रूप दिसतं. आमच्याकडे जुनी माणसं सावकाश बोलताना अजून ते पूर्ण उच्चारतात. आणि 'इळसाकत्तान'ची फोड केली तर आधी 'इळसाक', म्हणजे उतरवायला, आणि मागे 'हत्तु' हे क्रियापद. हत्तु म्हणजे चिकटणं, लागणं. आग लागली तर कन्नडात 'बेंकि हत्तितु'. पाऊस यायला लागला तर 'मळी बराक हत्तेति'. उत्तर कर्नाटकातलं कन्नड चालू क्रिया याच जोडीने सांगतं.

म्हणजे 'लागणे' आणि 'हत्तु' यांचे दोन अर्थ जुळलेले होतेच: चिकटणं आणि सुरुवात होणं. सुरुवातीचा अर्थ तर हिंदीतल्या 'करने लगा'तही आहे, त्यासाठी कन्नडाची गरज नाही. कोल्हापुरी निराळी होते ती पुढच्या पावलाला, जिथे सुरुवात हा अर्थ गळून जातो आणि फक्त चालू असणं उरतं. याची कसोटी सोपी आहे. 'सकाळपासून' लावून बघायचं. पुण्यात 'सकाळपासून पाऊस पडायला लागलाय' याचा अर्थ सकाळी सुरू झाला असा होतो. आमच्याकडे 'सकाळपासून पाऊस पडायलाय' म्हणजे अखंड पडतोय, आणि 'दहा वर्षं झाली तिथंच काम करायलाय' हेही चालतं. दहा वर्षं कुणी कामाला सुरुवात करत बसत नाही.

इथे उसनवारी झाली असं मी म्हणते, पण कोणाकडून कोणाकडे हे ठामपणे म्हणणार नाही. दोन्ही भाषांत साहित्य तयार होतं. दोन्ही बोलणाऱ्याने एकीतला पूल दुसरीतही टाकला, एवढंच दिसतं. आणि सगळे अर्थ आले असंही नाही. कन्नडात बसमध्ये चढण्यालाही हत्तुच वापरतात. कोल्हापुरात कुणी 'बसला लाग' म्हणत नाही. जो अर्थ वाक्याच्या सांगाड्याला उपयोगी तेवढाच जुळला. 'करायलो', 'जायलो' अशी रूपं लातूर-नांदेडकडेही आहेत. तिथे शेजार कन्नडाचा आणि तेलुगूचा, म्हणून माझ्या म्हणण्याला आधार मिळतो. पण मराठीच्या या दोन टोकांना हे आपसूक झालं असंही कुणी म्हणू शकेल. खानदेशात आणि कोकणात ही रूपं सहसा ऐकू येत नाहीत, म्हणून माझं माप पहिल्या बाजूला झुकतं.

आता असं उदाहरण, जिथे सगळेच कन्नडाचं नाव घेतात आणि जिथे मला ते पटत नाही. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. मीही बाईच, कोल्हापूरची, घरी तसंच बोलते. लिहायला बसले की हात आपोआप 'आले'कडे वळतो. यावर दोन स्पष्टीकरणं ऐकू येतात. एक म्हणजे इथल्या बायका रांगड्या, पुरुषी. त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. बोलीभाषेचं स्पष्टीकरण स्वभावाने द्यायचं तर कोकणी माणसाच्या अनुनासिकाचं काय करणार? दुसरं स्पष्टीकरण गंभीर आहे. कन्नडात 'मी' बरोबरच्या क्रियापदाला लिंग नाही. बाई असो की बुवा, 'नानु बंदे'. सीमेवरच्या मराठीने तेच केलं.

ऐकायला चोख. पण कन्नडाचा नियम खरंच आला असता तर आणखी काय दिसायला हवं होतं, ते विचारा. कन्नडात 'तू'बरोबरच्या क्रियापदालाही लिंग नाही. मग कोल्हापुरात बाईलाही 'तू आलास' म्हणायला हवं होतं. तसं होत नाही. 'कुठं चाललीस गं?', 'कवा आलीस?', लिंग शाबूत. बदल फक्त 'मी'पुरता आहे.

आता मराठीच्या आतच बघा. प्रमाण मराठीत बायका जमून आल्या तर काय म्हणतात? 'आम्ही आलो.' पुरुषही 'आम्ही आलो'. प्रथमपुरुषी अनेकवचनात लिंग आधीच नाही, आणि ते रूप पुरुषाच्या एकवचनाशी तंतोतंत जुळतं: मी आलो, आम्ही आलो. या तिघांत एकटं पडलेलं रूप म्हणजे बाईचं 'मी आले'. भाषा असं एकटं रूप पुष्कळदा ओढून सपाट करते. 'तू'च्या बाबतीत ते का झालं नाही, हेही यातूनच कळतं. तिथेही अनेकवचनात लिंग नाही, पण 'तुम्ही आलात' आणि पुरुषाचं 'तू आलास' ही रूपं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून 'आलीस'ला ओढणारं कुणी नाही. कन्नडाचं गृहीतक दोन्ही ठिकाणी बदल होईल असं सांगतं. आतल्या सपाटीकरणाचं गृहीतक फक्त एका ठिकाणी, आणि बोली तसंच वागते. शेजारी कन्नड असल्याने हा बदल कानाला खुपला नसेल, लवकर रुजला असेल, इतपत मी मान्य करीन. 'कन्नडातून आला' हे मात्र नाही.

या दोन उदाहरणांत जो फरक आहे त्यावर माझा सगळा भर आहे. शेजारच्या भाषेत तसंच आहे एवढ्यावर उसनवारी सिद्ध होत नाही. ते रूप आपल्या भाषेत आधी होतं का, संपर्काबाहेरच्या बोलींत ते आहे का, आणि नियम आला म्हणायचं तर तो पुरता आला की सोयीपुरता तुटका, हे बघावं लागतं. खुद्द गंपर्झ-विल्सन यांचीही इथे थोडी चूक झाली असं मला वाटतं. त्यांनी कुपवाडची बोली पुष्कळदा प्रमाण भाषेशी ताडून पाहिली. कुपवाडच्या कन्नडात 'आहे' या अर्थाचं 'एति' वाक्याच्या शेवटी येतं, पुस्तकी कन्नडात अशा जागी काही लागत नाही, म्हणून तो मराठी-उर्दूचा परिणाम. पण 'ऐति' धारवाड-विजापूरकडे पावलोपावली ऐकू येतं. त्यामुळे त्यातलं कुपवाडचं किती आणि आधीच शेजारच्या कन्नडात असलेलं किती, ते वेगळं काढल्याशिवाय बोलता येत नाही. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि शब्दाला शब्द लावून एका भाषेतून दुसरीत जाता येतं या मूळ मांडणीचीच चिकित्सा २०१६ मध्ये छापली. पाठ्यपुस्तकातलं लाडकं उदाहरण पुन्हा जाऊन तपासावं लागतं, ते असं. कोल्हापुरी बोलीही पुण्याच्या व्याकरणाशी ताडून बघायची नाही; आधी साताऱ्याशी ताडायची, मग चिकोडीशी.

आणखी एक गुंता राहतो. भाषा जिवंत ठेवून शेजाऱ्याकडून घेणं वेगळं आणि आपली भाषा सोडून शेजाऱ्याची धरणं वेगळं. थॉमसन आणि कॉफमन यांनी १९८८ मध्ये दाखवलं की या दोन वाटांवर उतरंड उलटी फिरते. पहिल्या वाटेवर आधी शब्द येतात, व्याकरण फार उशिरा. दुसऱ्या वाटेवर माणसं नवी भाषा बोलताना जुन्या भाषेचा उच्चार आणि वाक्यरचना सोबत आणतात, शब्द मात्र मागे टाकतात. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातले या परिसरातले कितीतरी शिलालेख कन्नड आहेत. त्या लोकांचे वंशज कुठे गेले नाहीत. त्यांतले पुष्कळ आज मराठी बोलत असणार. मग आपल्या मराठीतलं कन्नड वळण शेजाऱ्याकडून घेतलेलं की आपल्याच पणजोबांनी ठेवून दिलेलं? कुपवाडचा लेख ज्या ग्रंथात आला त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांनी एकूण मराठीच्या उगमाबद्दलच असा प्रश्न विचारला होता. 'कन्नड आमच्यात शिरलं' या वाक्यातला 'आमच्यात' कोण, हे ठरवणं इतकं सोपं नाही.

म्हणूनच सीमाप्रश्नाच्या वादात बोलीचं व्याकरण साक्षीला उभं करणाऱ्यांशी माझा वाद आहे, मग ते कोल्हापूरचे असोत की बेळगावचे. एखाद्या गावची मराठी कन्नड वळणाची आहे म्हणून ते गाव मुळात कन्नड, किंवा तिथल्या कन्नडात मराठीचा घाट आहे म्हणून ते मुळात मराठी, ही दोन्ही अनुमानं तकलादू आहेत. घाट जुळणं एवढंच सांगतं की तिथली माणसं शतकानुशतकं एकमेकांशी दिवसभर बोलत होती. गाव कोणत्या राज्यात असावं हे लोकांना विचारायचं, क्रियापदांना विचारायचं नाही.

यावर शुद्धीवाल्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ते म्हणतील, वाक्यरचना कुणीही घेवो, पण इंग्रजी शब्दांचा लोंढा असाच चालला तर मराठीत विज्ञान, कायदा, व्यापार बोलता येणार नाही. खरं आहे. पण ती तक्रार वापराच्या जागा गमावण्याची आहे, आणि तिचा उपाय 'रिक्वेस्ट' खोडून 'विनंती' लिहिणं हा नाही. कुपवाडच्या कन्नडाने वाक्यं शेजाऱ्यांसारखी केली, तरी घरात ती टिकून होती. भाषा जाते ती मुलांशी बोलणं बंद झालं की जाते, तिचं व्याकरण शेजारणीसारखं झाल्याने नाही. शिवाय शब्दांवर पहारा देणारे मान्यवर स्वतः भाषण करताना 'यांच्याकडून हे काम केलं गेलं' म्हणतात आणि 'एक चांगला माणूस असणं महत्त्वाचं आहे' म्हणतात. एकही इंग्रजी शब्द नाही, आणि वाक्य अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. हा घाट घरादारातल्या दुभाषीपणातून आलेला नाही. तो सरकारी अनुवादातून आणि बातम्यांच्या टेबलावरून आला. पुन्हा तेच: शब्द पकडला गेला, वाक्य निसटलं.

मग करायचं काय, तर निदान शाळेत तरी एक सवय मोडता येईल. सातवीतल्या मुलीने निबंधात 'मी बाजारात गेलो' लिहिलं तर शिक्षक लाल रेघ मारतात. मारावी, प्रमाण लेखनाचा तो संकेत आहे. पण सोबत 'हे कन्नडामुळे' किंवा 'मुलासारखं काय लिहितेस' असं सांगू नये, कारण पहिलं बहुधा चूक आहे आणि दुसरं निव्वळ उद्धट. त्याऐवजी फळ्यावर मी, आम्ही, तू, तुम्ही यांची 'आलो'-'आले'ची रूपं मांडून मुलींनाच विचारावं की यातलं एकटं पडलेलं कोणतं. वीस मिनिटांचं काम आहे. त्याच तासाला गडहिंग्लज किंवा शिरोळकडची एखादी मुलगी घरी कन्नड बोलत असेल, तर तिच्याकडून 'माडाकत्तीनि' फळ्यावर लिहून घ्यावं आणि त्याशेजारी 'करायलोय'. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी जन्मभर जे वापरलं त्याची फोड त्यांना पहिल्यांदाच दिसेल.

हे करायला घाई मात्र करावी लागेल. पुण्यात शिकायला, नोकरीला गेलेल्या मुली महिन्याभरात 'आले', 'जाते'वर येतात. खोलीवरच्या मैत्रिणी हसतात म्हणून. त्याच मुली 'करायलोय' मात्र बरेच दिवस सोडत नाहीत, कारण त्यावर कुणी हसतं तेव्हा ते उच्चाराला हसतात; रचनेत काही निराळं आहे हे हसणाऱ्यालाही कळलेलं नसतं. लिंग कानाला खुपतं, काळाची छटा खुपत नाही. संपर्कात काय टिकतं आणि काय पुसलं जातं याची एक उतरंड अशीही लावता येईल, आणि ती लावायला परदेशातून कुणी यायची गरज नाही. स्वारगेटला उतरणाऱ्या कोल्हापूरच्या मुलींचं बोलणं पहिल्या दिवशी आणि वर्षाने टिपून ठेवलं तरी पुरे.